एकाच डब्यातले दोन चमचे: स्टीलचा गार, लाकडाचा नाही, असं का?

प्रश्न: ताई, आपल्या चमच्यांच्या डब्यात स्टीलचा आणि लाकडाचा चमचा शेजारी शेजारी असतात. तरी सकाळी हात लावला की स्टीलचा गार लागतो आणि लाकडाचा लागत नाही. बाई म्हणाल्या, स्टील उष्णतेचं सुवाहक आहे म्हणून. पण सुवाहक असेल तर ते गरम लागायला हवं ना? आणि थर्मामीटर लावला तर स्टीलचं तापमान खरंच कमी येईल का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथेच गोम आहे. थर्मामीटर लावलास तर दोन्ही चमच्यांचं तापमान एकच येईल. रात्रभर एका डब्यात पडलेल्या वस्तू त्या खोलीच्या तापमानाला येऊन थांबतात, मग त्या स्टीलच्या असोत, लाकडाच्या असोत की काचेच्या. स्टील जात्याच थंड नसतं.

मग गार काय लागतं? तुझं स्वतःचं बोट. त्वचेतल्या तापमान ओळखणाऱ्या चेतातंतूंना चमचा दिसत नाही. ते स्वतः ज्या थरात आहेत, त्या थराचं तापमान किती आहे आणि ते किती वेगाने बदलतंय एवढंच त्यांना कळतं. तुझं बोट साधारण ३३ अंशांवर असतं आणि थंडीतल्या सकाळी चमचा २० अंशांवर. उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते, म्हणजे इथे ती बोटातून चमच्यात जाते. स्टील ती झपाट्याने ओढून घेतं, त्यामुळे त्वचा लगेच गार पडते आणि मेंदूला निरोप जातो: गार! लाकूड ती सावकाश घेतं, म्हणून त्वचा फारशी गार पडत नाही.

‘सुवाहक म्हणजे गरम लागणारं’ हा तुझा तर्क चुकतो तो इथे. सुवाहक वस्तू उष्णता तयार करत नाही, फक्त चटकन पुढे नेते. कोणत्या दिशेने न्यायची हे तापमानातला फरक ठरवतो. बोट जास्त गरम असेल तर उष्णता बोटातून जाणार. चमचा बोटापेक्षा गरम असेल तर तेच स्टील लाकडापेक्षा जास्त चटका देईल. त्याचं उदाहरण पुढे देते.

आधी तापमान मोजून बघ, पण नीट मोज. दोन्ही चमचे कोरडे करून रात्रभर टेबलावर शेजारी ठेव. खिडकीतलं ऊन, गॅस आणि फ्रिजची मागची बाजू यांच्यापासून दूर. ताप मोजायचा थर्मामीटर इथे चालणार नाही, त्याचं मोजमापच साधारण ३५ अंशांपासून सुरू होतं. स्वयंपाकात वापरतात तो टोकदार सळईचा डिजिटल थर्मामीटर घे. सळई चमच्याला टेकवून वरून कापसाचा बोळा दाब आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांब. बोळा नसेल तर सळईची एक बाजू हवेचं तापमान मोजत राहते.

दुरून बटण दाबून तापमान दाखवणारी ‘गन’ घरात असेल, तर ती चकचकीत स्टीलवर हमखास फसवते. ती वस्तूकडून येणारे अवरक्त किरण मोजते. चकचकीत धातू स्वतः असे किरण फार कमी सोडतो आणि समोरच्या वस्तूंचे परावर्तित करतो. म्हणजे चमच्यावर रोखलेल्या गनमध्ये बऱ्याच अंशी भिंतीचं, छताचं किंवा तुझ्या चेहऱ्याचं तापमान दिसतं. उपाय सोपा आहे. दोन्ही चमच्यांना वायरमनची काळी टेप चिकटव, दहा मिनिटं थांब आणि टेपवर गन रोख. मात्र टेप गनच्या मोजण्याच्या वर्तुळाएवढी तरी हवी, म्हणून गन जवळ धर. आकडे जुळतील. एखाद्या अंशाचा फरक आलाच, तर तो उपकरणाच्या चुकीत बसतो.

आता बाईंच्या ‘सुवाहक’ शब्दामागे किती मोठा फरक दडलाय ते बघू. फ्रेंच गणिती जोसेफ फूरिये याने १८२२ साली उष्णतावहनाचा नियम मांडला. त्याचा अर्थ असा: एखाद्या पदार्थाच्या पाटीतून दर सेकंदाला किती उष्णता जाईल, हे पाटीच्या क्षेत्रफळावर, दोन्ही बाजूंच्या तापमानातल्या फरकावर, पाटीच्या जाडीवर आणि त्या पदार्थाच्या एका आकड्यावर अवलंबून असतं. क्षेत्रफळ आणि फरक वाढले की प्रवाह वाढतो, जाडी वाढली की कमी होतो. उरलेला आकडा म्हणजे उष्णतावाहकता. एक मीटर जाड, एक चौरस मीटर क्षेत्रफळाची पाटी घेतली आणि दोन बाजूंत एक अंशाचा फरक ठेवला, तर दर सेकंदाला जितके जूल उष्णता पार जाईल तितकी त्या पदार्थाची वाहकता.

चमच्यांच्या स्टीलसाठी हा आकडा साधारण १५ आहे. सागवानासारख्या कोरड्या लाकडासाठी, रेषांच्या आडव्या दिशेने, साधारण ०.१६. म्हणजे जवळजवळ शंभरपट फरक. लाकडात रेषांच्या दिशेने उष्णता साधारण दुप्पट वेगाने जाते, पण चमच्यात रेषा दांड्याच्या लांबीने असतात आणि तुझं बोट बाजूने टेकतं, म्हणून आडवा आकडाच धरायचा.

धातूत उष्णता वाहून नेणारे मुख्य हमाल म्हणजे मोकळे इलेक्ट्रॉन. ते कोणत्याही एका अणूला बांधलेले नसतात, त्यामुळे गरम टोकाकडची ऊर्जा झटकन पुढे पोचवतात. लाकडात मोकळे इलेक्ट्रॉन नाहीत. तिथे ऊर्जा सेल्युलोजच्या साखळ्यांच्या कंपनांमधून रेणूकडून रेणूकडे सरकते, आणि वाटेत जागोजागी हवेने भरलेल्या पोकळ्या लागतात. हवेची वाहकता जेमतेम ०.०२६ आहे.

इथे एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे, कारण ती बहुतेक पुस्तकांत सुटते. धातूंच्या मानाने स्टेनलेस स्टील हे वाईट वाहक आहे. शुद्ध लोखंडाची वाहकता ८० च्या आसपास, अॅल्युमिनियमची २०० च्या वर, तांब्याची जवळपास ४००. चमच्याच्या मागे कधीकधी १८/८ असं कोरलेलं असतं. त्याचा अर्थ या पोलादात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल आहे. ही भेसळ गंज रोखते, पण लोखंडाच्या अणूंच्या शिस्तीत मधेमधे परके अणू आल्यामुळे इलेक्ट्रॉनांना सारख्या ठेचा लागतात आणि वाहकता ८० वरून १५ वर येते. स्टीलच्या पातेल्यांना तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा बूड जोडतात तो याचसाठी. नुसत्या स्टीलचा बूड ज्योतीच्या वर तेवढा तापतो आणि भाजी तिथेच करपते.

तर मग विचार कर. वाहकतेत स्टील लाकडाच्या शंभरपट आहे, पण ते शंभरपट गार लागतं का? नाही. आणि अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास १५ पट आहे. तेवढ्याच जाडीचा स्टीलचा आणि अॅल्युमिनियमचा चमचा हातात धरलास तर पहिल्या क्षणी तुला फरक सांगता येणार नाही. नुसती वाहकता सांगून बाईंचं उत्तर अर्धंच राहतं ते यामुळे.

उरलेलं अर्धं उत्तर असं. बोट टेकलं की दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. चमच्याचा पृष्ठभाग बोटाकडून उष्णता घेऊन थोडा तापतो, आणि बोटाच्या आतून ताजी उष्णता त्वचेकडे येते. दोघांमधल्या सीमेवर एक मधलं तापमान ठरतं, आणि तुला जाणवतं ते त्या मधल्या तापमानामुळे. ते कोणाकडे झुकेल, हे प्रत्येक पदार्थाच्या ‘वजना’वर ठरतं. हे वजन काढायचं तर तीन आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्यायचं: वाहकता, घनता आणि विशिष्ट उष्माधारकता. इंजिनिअर याला इफ्युसिव्हिटी म्हणतात. घनता आणि उष्माधारकता यात का आल्या? पृष्ठभागाखालचा थर उष्णता पुढे किती लवकर ढकलतो याच्याबरोबरच, स्वतः न तापता किती उष्णता पोटात घेतो यालाही महत्त्व आहे. स्टील दोन्ही बाबतीत पुढे आहे. ते भरीव आणि जड आहे, तर लाकूड पोकळ्यांनी भरलेलं आणि हलकं.

हिशोब करून बघू. स्टील: वाहकता १५, घनता दर घनमीटरला ७९०० किलो, उष्माधारकता दर किलोला, दर अंशाला ५०० जूल. गुणाकाराचं वर्गमूळ साधारण ७७००. लाकूड: ०.१६, ६५० आणि १६००. वर्गमूळ साधारण ४१०. आपली त्वचा: साधारण ०.३७, ११०० आणि ३४००. वर्गमूळ साधारण ११८०. त्वचेचे आकडे माणसागणिक आणि तिच्या ओलाव्यानुसार बदलतात, पण आपल्या कामाला एवढे पुरतात.

आता सीमेवरचं तापमान काढायचं सूत्र, त्यात e म्हणजे वर काढलेलं वजन आणि T म्हणजे टेकण्याआधीचं तापमान:

```
T = (e1*T1 + e2*T2) / (e1 + e2)
```

थंडीतल्या सकाळी बोट ३३ अंश, चमचे २० अंश. स्टीलसाठी ११८० गुणिले ३३ म्हणजे ३८,९४०, आणि ७७०० गुणिले २० म्हणजे १,५४,०००. बेरीज १,९२,९४०, तिला ८८८० ने भागलं की उत्तर येतं साधारण २१.७ अंश. लाकडासाठी ३८,९४० अधिक ८२०० म्हणजे ४७,१४०, भागिले १५९०, उत्तर साधारण २९.६ अंश.

हे दोन आकडे शेजारी ठेव. दोन्ही चमचे २० अंशांवर होते, तरी स्टीलला टेकलेल्या त्वचेचा पृष्ठभाग एकदम २१.७ वर उतरला आणि लाकडाला टेकलेला २९.६ वरच राहिला. तुझ्या बोटासाठी हा फरक खराखुरा आठ अंशांचा आहे. म्हणून स्टील गार लागणं हा निव्वळ भास आहे असं मी कधी म्हणणार नाही. त्वचा खरोखर गार होते. चुकतो तो त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष, की चमचा गार आहे.

त्वचेतल्या चेतातंतूंत थंडी ओळखणारं एक प्रथिन असतं, TRPM8 नावाचं. ते साधारण २६ ते २८ अंशांच्या खाली जागं होतं. २००२ साली ते ओळखणाऱ्यांत डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन होते. तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या प्रथिनांवरच्या कामासाठी या दोघांना २०२१ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. पेपरमिंटच्या गोळीतलं मेंथॉल हेच प्रथिन जागं करतं. म्हणून गोळी खाल्ल्यावर तोंडातून उष्णता मुळीच गेलेली नसताना गार वाटतं. चमच्याची गोष्ट वेगळी, तिथे उष्णता खरंच जाते.

आता अॅल्युमिनियम. त्याचं वजन येतं साधारण २३,९००. त्याच सकाळी सीमेवरचं तापमान निघतं २०.६ अंश. स्टीलचं २१.७ होतं. वाहकता पंधरापट, फरक जेमतेम एका अंशाचा. कारण उघड आहे: स्टीलनेच त्वचेला जवळजवळ चमच्याच्या तापमानापर्यंत खेचलंय, त्याखाली जायला जागाच उरलेली नाही. आता उष्णता अडते ती बोटाच्या आतून बाहेर येताना. नळाची तोटी अर्धवट उघडी असली की पुढे कितीही जाड पाइप जोड, बादली तेवढ्याच वेळात भरते. पहिल्या सेकंदाचा हिशोब केला तर स्टील बोटातून लाकडाच्या साधारण साडेतीनपट उष्णता घेतं, आणि अॅल्युमिनियम स्टीलपेक्षा फक्त दहा टक्के जास्त. शंभरपट वाहकतेचं हातात पडेपर्यंत साडेतीनपट होतं ते असं.

या सूत्राला एक मोठी मर्यादा आहे, ती विसरू नकोस. त्यात दोन्ही वस्तू पुरेशा जाड धरल्या आहेत. चमचा तसा नसतो. स्टीलच्या चमच्याची जाडी असते एक-दीड मिलिमीटर, आणि एवढं अंतर उष्णता स्टीलमधून साधारण अर्ध्या सेकंदात पार करते. त्यानंतर बोटाखालचा तुकडा पूर्ण जाडीभर तापू लागतो आणि उष्णता फक्त दांड्याच्या लांबीने पसरू शकते. तीही सावकाश, दहा सेकंदांत जेमतेम सहा-सात मिलिमीटर. म्हणून चमचा धरून ठेवलास तर काही वेळात तो गार लागेनासा होतो, आणि बोट थोडं बाजूला सरकवलंस की पुन्हा गार लागतो. बोट सरकवून बघायची ही युक्ती मला फार आवडते, कारण ‘स्टील स्वभावानेच थंड’ हे मत त्यात तत्काळ खोटं ठरतं. तोच चमचा एका जागी कोमट आणि बोटभर अंतरावर गार कसा असेल? यात चेतातंतूंच्या सवयीचाही वाटा असतो. न बदलणाऱ्या तापमानाबद्दल ते हळूहळू गप्प होतात.

घरी हे करून बघताना फजिती होते ती बहुतेक वेळा तीन कारणांनी. पहिलं, भांडी घासल्याबरोबर हात लावणं. गार पाण्याने बोटं २३-२४ अंशांवर आलेली असतात. चमचा २० वर असला तर तापमानात फारसा फरक उरत नाही, मग दोन्ही चमचे जवळजवळ सारखे लागतात. हात कोरडे करून पाच-दहा मिनिटं थांब. दुसरं, ओला लाकडी चमचा. ओल्या लाकडात पोकळ्यांतल्या हवेच्या जागी पाणी असतं आणि पाण्याची वाहकता हवेच्या वीसपटीहून जास्त. शिवाय ते पाणी वाळताना दर ग्रॅममागे साधारण २४०० जूल उष्णता घेऊन जातं, म्हणजे ओला लाकडी चमचा खोलीपेक्षा खरोखरच थंड होतो. तिसरं, एकाच बोटाने लागोपाठ दोन्ही चमच्यांना स्पर्श करणं. स्टीलने गार झालेलं बोट लाकडाबद्दल खरं सांगू शकत नाही. दोन हातांची तीच बोटं वापर, मग अदलाबदल कर, आणि दोन वेळांच्या मध्ये मिनिटभर जाऊ दे.

दिशा उलटी करून बघायची तर आपल्याकडचा उन्हाळा आयता हजर आहे. मे महिन्यात चंद्रपूरच्या एखाद्या घराच्या ओसरीत सावलीला ४५ अंश असताना दोन्ही चमचे तिथे तासभर ठेव. बोट ३५ अंशांवर धरू. तेच सूत्र वापरलं की स्टीलला टेकलेली त्वचा साधारण ४३.७ अंशांवर जाते आणि लाकडाला टेकलेली ३७.६ वर. ४३ ते ४५ अंशांच्या आसपास उष्णता दुखू लागते, म्हणून स्टील चटका देतं आणि लाकूड नुसतं उबदार लागतं. मधे कुठेतरी, म्हणजे चमचे बरोबर बोटाच्या तापमानाला असताना, दोन्हींत काहीच फरक लागत नाही. हे घरी करायचं तर एका पिशवीत दोन्ही चमचे घालून तोंड घट्ट बांध, पिशवी ३४ अंशांच्या कोमट पाण्यात वीस मिनिटं बुडव, मग काढून लगेच हात लाव. डोळे मिटून ओळखायला सांगितलं तर गुळगुळीतपणावरून आणि जडपणावरून ओळखशील, गारव्यावरून नाही.

बोटावर विश्वास नसेल तर बर्फाला विचार. एकाच ट्रेमधले दोन सारखे खडे घे. एक लोखंडी तव्यावर ठेव, एक लाकडी पोळपाटावर. दोन्ही खोलीच्या तापमानाला असू देत. हात लावल्यावर तवा गार लागतो, म्हणून बहुतेक जण सांगतात की बर्फ त्याच्यावर जास्त टिकेल. होतं उलट. तव्यावरचा खडा भराभर वितळतो, कारण बर्फापेक्षा तवा गरम आहे आणि तो आपली उष्णता चटकन देतो.

इथे स्टीलचं ताट घेतलंस तर कदाचित फसशील. साधारण २० ग्रॅमचा खडा वितळायला, दर ग्रॅमला ३३४ जूल धरून, जवळजवळ ६७०० जूल लागतात. पाव किलोचं ताट २८ अंशांवरून शून्यावर आलं तरी त्याच्याकडून मिळतात फक्त ३५०० जूल. शिवाय ताटाच्या कडेची उष्णता पातळ पत्र्यातून मधे पोचायला वेळ लागतो. म्हणून सुरुवातीला खडा झपाट्याने वितळतो आणि मग ताट गार पडून वेग मंदावतो. एक किलोचा लोखंडी तवा तेवढाच थंड झाला तर साडेबारा हजारांच्या आसपास जूल देतो, आणि लोखंडाची वाहकताही जास्त. तिथे शंका उरत नाही.

एका ठिकाणी मात्र वाहकतेचा नुसता आकडाच सगळं ठरवतो: उकळत्या चहात उभा राहिलेला चमचा. स्पर्शाचा खेळ पहिल्या एक-दोन सेकंदांचा होता, हा मिनिटांचा आहे. उष्णता चहातून दांड्यात चढते आणि वाटेत दोन्ही बाजूंनी हवेत निसटत जाते. किती वर पोचेल हे या दोन वेगांच्या झटापटीवर ठरतं. दीड मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या दांड्यात दर साडेतीन सेंटिमीटरला जास्तीचं तापमान ढोबळमानाने एक तृतीयांशाच्या थोडं वर उरतं. चहा ९० अंश, खोली २८ अंश धरली, तर चहाच्या वर दहा सेंटिमीटरवरचं टोक खोलीपेक्षा साधारण सहा अंशांनीच गरम राहतं. चहाची वाफ दांड्यावर धरत असेल तर थोडं जास्त. तेवढ्याच जाडीचा अॅल्युमिनियमचा दांडा त्याच ठिकाणी ७० अंशांच्या वर जातो आणि हात पोळतो. हातात धरल्यावर जवळजवळ सारखेच गार लागलेले हे दोन चमचे इथे असे वेगळे होतात. म्हणूनच लांब दांड्याची स्टीलची पळी आमटीत ठेवलेली चालते, आणि अॅल्युमिनियमच्या कढईचा कान पकडायला सांडशी किंवा फडकं लागतंच. लाकडी उलथन्याच्या दांड्यात तर उष्णता बोटभरही चढत नाही.

आणखी एक, आणि ही नीट ऐक. डीप फ्रीझरमधला, उणे १८ अंशांवरचा स्टीलचा चमचा जिभेला लावू नकोस. जिभेच्या ३६ अंशांशी हिशोब केला तर सीमेवरचं तापमान येतं शून्याखाली, साधारण उणे १० च्या आसपास, म्हणजे लाळ जागीच गोठते आणि जीभ चिकटते. तितक्याच थंड लाकडाशी ते शून्याच्या बरंच वर, २० च्या आसपास राहतं. कुल्फीची काडी आणि आइस्क्रीमच्या कपातला चपटा चमचा लाकडाचा असला की तोंडाला बरा वाटतो तो यामुळेच. चुकून जीभ चिकटलीच तर ओढू नकोस, त्वचा सोलून निघते. चिकटलेल्या जागी कोमट पाणी ओत. पातळ चमच्यात थंडावा साठवायची ताकद फार थोडी असते. ३० ग्रॅमचा चमचा उणे १८ वरून शून्यावर यायला २७० जूल पुरतात, म्हणजे कपभर कोमट पाण्याने तो काही सेकंदांत सुटतो. जाड धातूच्या ट्रेला मात्र जास्त पाणी लागेल, आणि ते सलग ओतावं लागेल.